वॉरफरिन सुरू झालंय? या चुका टाळा

पायाच्या शिरेत गुठळी झाली किंवा हृदयाची झडप बदलली की मिरज-सांगलीच्या दवाखान्यातून निघताना चिठ्ठीवर वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी असते. काउंटरवर ही गोळी देताना आम्ही एक गोष्ट आधी सांगतो: आज घेतलेल्या गोळीचा परिणाम आज दिसत नाही. यकृत व्हिटॅमिन 'के' वापरून रक्त गोठवणारे काही घटक बनवतं. वॉरफरिन ते नव्याने बनणं कमी करतं, पण आधीचे घटक संपायला वेळ लागतो. त्यामुळे डोस वाढला, चुकला किंवा दुप्पट झाला, तरी आयएनआरवर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते दाखवणाऱ्या तपासणीच्या आकड्यावर, त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांनी उमटतो. बहुतेक चुका हे न कळल्यामुळेच होतात.

गोळी चुकली की लोक दुसऱ्या दिवशी दोन घेऊन हिशेब पुरा करतात. असं करू नका. समजा, तुमची वेळ संध्याकाळी सातची आहे आणि सोमवारी विसरलात. रात्री अकराला आठवलं तर लगेच घ्या. मंगळवारी सकाळी आठवलं तर सोमवारची गोळी सोडून द्या आणि मंगळवारी सातला नेहमीची एकच घ्या. दोन घेतल्या तर त्यांचा जोर गुरुवार-शुक्रवारी येईल, तोवर त्या घेतल्याचं कुणाच्या लक्षातही नसेल. चुकलेली तारीख कॅलेंडरवर लिहा, म्हणजे रिपोर्ट कमी आला तर डॉक्टरांना कारण कळेल आणि ते उगाच डोस वाढवणार नाहीत. सलग दोन दिवस चुकले तर फोन करा. कृत्रिम झडप असेल तर अजिबात थांबू नका, कारण झडपेवर गुठळी धरू शकते. संध्याकाळची वेळ मुद्दामच देतात: सकाळी रक्त दिलं की डोस बदलायचा निरोप त्याच दिवशीच्या गोळीआधी मिळतो. एकाआड एक दिवस 3 आणि 2 मिलिग्रॅम असेल तर प्रत्येक तारखेसमोर आकडा लिहून ठेवा. रंगावरून गोळी ओळखू नका, कंपनी बदलली की रंगही बदलतो.

आता जेवण. 'पालेभाजी बंद करा' हा शेजारपाजारचा सल्ला चुकीचा आहे. मेथी, पालक, चाकवत, हरभऱ्याची भाजी यांत व्हिटॅमिन 'के' भरपूर असतं आणि ते वॉरफरिनच्या उलट काम करतं, हे खरं. पण डॉक्टर डोस ठरवतात तो तुमच्या रोजच्या ताटावर. समजा, तासगावच्या एका मावशींचं लक्ष्य 2 ते 3 आहे, रोज वाटीभर पालेभाजी खाऊन 3 मिलिग्रॅमवर आयएनआर 2.6 येतो. श्रावणात त्यांनी पालेभाजी सोडली आणि उपवासाला साबुदाणा, भगर सुरू केली. डोस तोच, पण त्याला अडवणारं व्हिटॅमिन 'के' कमी झालं. काही दिवसांत आकडा 4 च्या पुढे जाऊ शकतो. थंडीत बाजारात मेथी स्वस्त झाली म्हणून रोज दोन जुड्या संपू लागल्या, तर उलट तो 2 च्या खाली येईल. म्हणून आठवड्याला जेवढी पालेभाजी खाता तेवढीच खात राहा. उपवास धरायचा असेल तर सुरू करण्याआधी सांगा, मध्येच एक तपासणी करून घेता येते. फोडणीतल्या हळदीची काळजी नको; हळदीच्या कॅप्सूल आणि काढे मात्र न विचारता घेऊ नका. द्राक्षं नेहमीच्या प्रमाणात चालतात. दारू टाळा.

अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल बरं, पण सलग काही दिवस लागलं तर कळवा, त्यानेही आयएनआर चढतो. गावात ताप आला की कमरेत सुई घेतात. वॉरफरिन चालू असताना स्नायूत रक्त साचून गाठ होऊ शकते, म्हणून सुई टोचण्याआधी 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' असं सांगा. जुलाबावर मेट्रोनिडाझोल लिहून दिलं, तरीही हेच सांगा. ते आयएनआर झपाट्याने वाढवतं.

रक्तस्रावाच्या खुणा ओळखताना घोळ होतो तो शौचाच्या रंगावर. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल, तर जठरातलं रक्त समजून लगेच दवाखाना गाठा. लघवी लाल किंवा काळ्या चहासारखी होणं, उलटीत रक्त येणं, एकाएकी असह्य डोकं दुखणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यांतही थांबू नका. ब्रश करताना हिरडीतून थोडं रक्त आलं किंवा मार न लागता निळे डाग दिसले, तर त्याच दिवशी फोन करून आयएनआर तपासा. नाकातून रक्त आलं तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं दाबा. तरी थांबलं नाही तर निघा. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली आणि माणूस नीट बोलत असला तरी लगेच तपासून घ्या, कारण आतला रक्तस्राव काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, जाणवू शकतो. जाताना गोळ्यांचं पाकीट आणि आयएनआरची वही सोबत न्या.