परिचयात लिहिण्यासारखं फार नसेल तर

शेतीशाळेत बोलायला कृषी पदविका झालेली तरुणी येणार आहे. पुरस्कार नाही, पद नाही. तेव्हा ‘होतकरू’, ‘उदयोन्मुख’ असली विशेषणं भरू नका. त्यातून रिकामी जागाच दिसते. आदल्या दिवशी फोन करून एवढंच विचारा, “ताई, मागच्या हंगामात शेतात रोज काय करत होत्या तुम्ही?” उत्तर तसंच लिहा: “यांनी कपाशीतल्या कामगंध सापळ्यांतले गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज सकाळी मोजून वहीत मांडले. सलग 3 रात्री दर सापळ्यात रात्रीला 8 पतंग आले, की फवारणीचा निर्णय कसा घ्यायचा, हे त्या वही उघडून सांगतील.” बस, अर्धा मिनिट. वय सांगू नका; पारावरचे म्हातारे तिथंच कान मिटतात. आकडे मात्र तिला आधी वाचून दाखवा.