पटाचा फोटो बघून ‘कोण भारी?’ सांगताय? आधी या चुका टाळा

मित्राने बुद्धिबळाच्या अर्ध्या डावाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "सांग, कोण जिंकतंय?" मी सोंगट्या मोजल्या, काळ्याची दोन प्यादी जास्त, लगेच ‘काळा’ असं टाईप करून मोकळा झालो. तिथेच फसलो, कारण खेळी कोणाची आहे हे मी विचारलंच नव्हतं.

डाव असा होता. पांढरा राजा g1 वर, वजीर d3, हत्ती d1 आणि प्यादी f2, g2, h3. काळा राजा g8, हत्ती c8, वजीर a2 वर प्यादं खाऊन बसलेला, प्यादी a7, b6, f7, g7, h7. वजिराचे 9, हत्तीचे 5, प्याद्याचा 1 असे गुण धरले तर पांढऱ्याचे 17 आणि काळ्याचे 19 होतात, हिशोब बरोबरच होता.

पण खेळी पांढऱ्याची असेल तर डाव तिथेच संपतो. वजीर d8 वर, शह. काळ्याला हत्तीने तो मारण्याशिवाय दुसरी चालच नाही, मग पांढऱ्याचा हत्ती d8 वर मारतो आणि मात, कारण काळ्या राजाला त्याचीच तीन प्यादी पुढे जाऊ देत नाहीत, आणि त्याचा वजीर लांब a2 वर, तो मध्ये येऊ शकत नाही. आता खेळी काळ्याची धरा. तो नुसतं h7 चं प्यादं h6 वर ढकलतो, राजाला h7 हे घर मोकळं होतं आणि तीच वजीर-बळीची युक्ती केली तर पांढऱ्याचा वजीर फुकट जातो. मग मात्र दोन जास्तीची प्यादी खरंच मोलाची, त्यातही a आणि b ची, कारण त्यांच्या वाटेत पांढऱ्याचं एकही प्यादं नाही.

म्हणजे एकच फोटो आणि दोन उलटी उत्तरं. खेळी कोणाची हे सोंगट्यांवरून जवळजवळ कधीच कळत नाही (राजाला शह बसलेला दिसला तर गोष्ट वेगळी). फोटोत घड्याळ असेल तर ज्याची वेळ चालू आहे त्याची खेळी, पण चाल करून अजून बटण दाबलं नसेल अशा क्षणी फोटो निघाला तर तेही फसवतं. सरळ विचारायचं, त्यात कमीपणा कसला. उत्तर मिळालं नाही तर दोन्ही बाजूंनी बघून दोन उत्तरं द्यायची.

दुसरी चूक तिरक्या फोटोची, आणि हिला मी जास्त वचकून असतो. खालून तिरका फोटो काढला की सोंगटीचं डोकं कॅमेऱ्यापासून लांबच्या पुढच्या घरावर टेकल्यासारखं दिसतं. काळ्याच्या बाजूने काढलेल्या फोटोत h7 चं प्यादं h6 वर आहे असं सहज वाटू शकतं, आणि वरच्या डावात अख्खं उत्तर त्या एका घरावर आहे!! म्हणून डोकं नाही, बूड बघा, बूड कुठल्या घरात आहे ते. राजा-वजीर आणि उंट-प्यादं यांचीही अशीच गल्लत होते, झूम करून क्रॉस आणि मुकुट बघून घ्यायचे.

मग पट कुठल्या बाजूने बघतोय ते. नियम साधा, खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर पाहिजे. फोटोत तिथे काळं घर दिसलं तर फोटो बाजूने काढलाय, आरशासारखा उलटा झालाय नाहीतर पटच चुकीचा मांडलाय. पण ही खूण काळा-पांढरा कोण कुठे बसलाय ते सांगत नाही, कारण पट पूर्ण उलटा फिरवला तरी कोपरा पांढराच राहतो. त्यासाठी काठावरचे आकडे वाचा. नाहीतर a7 वर वजीर व्हायला एक पाऊल बाकी असलेलं पांढरं प्यादं तुम्हाला h2 वर अजून न हललेलं वाटेल, आणि असं प्यादं म्हणजे निम्मा डाव असतो.

पटाशेजारी पडलेल्या मेलेल्या सोंगट्या मोजून हिशोब करू नका, काही फ्रेमच्या बाहेर असतात. पटावर जिवंत किती तेच मोजा.

इंजिनमध्ये टाकायचा असेल तर वरचा डाव असा:

```
2r3k1/p4ppp/1p6/8/8/3Q3P/q4PP1/3R2K1 w - - 0 1
```

मधलं w म्हणजे पांढऱ्याची खेळी. तिथे b केलं की इंजिनचा कौल उलटतो, करून बघा. पुढचा डॅश कॅसलिंगच्या हक्काचा, इथे दोन्ही राजे आपल्या मूळ घरावरून हललेत म्हणून प्रश्नच नाही, पण राजा आणि हत्ती मूळ घरात दिसत असतील तर ते आधी हलून परत आलेत का हे फोटो कधीच सांगणार नाही, तेही विचारावंच लागतं.