सोलरचे कोटेशन आणि इम्पोर्ट-एक्सपोर्टचे बिल कसे वाचावे: वडोदऱ्याच्या एका घराचा हिशोब

छतावर सोलर बसवल्यानंतर पहिले बिल हातात आले की दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत बहुतेक घरांत एकच प्रश्न निघतो. आमच्या शेजारच्या काकूंनीही तोच विचारला: "ॲपमध्ये सातशे ऐंशी युनिट दाखवतंय आणि बिलात एक्सपोर्ट चारशे तीसच. बाकीची साडेतीनशे गेली कुठे?"

ती कुठेही गेली नाहीत, घरातच वापरली गेली. हे नीट समजले की बिलही वाचता येते आणि बसवण्याआधी आलेले कोटेशनही पारखता येते. म्हणून आधी बिल घेऊ.

पहिली पायरी: तीन आकडे वेगळे करा

पॅनेलची वीज आधी घरातल्या चालू उपकरणांना जाते. दुपारी फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर जेवढी ओढतील तेवढी ती तिथेच संपते. उरलेली वीज मीटरमधून बाहेर जाते, तो एक्सपोर्ट. रात्री किंवा ढगाळ दिवशी बाहेरून येते, तो इम्पोर्ट. नेट मीटरला फक्त ही ये-जा दिसते. पॅनेलने एकूण किती वीज तयार केली ते इन्व्हर्टर किंवा वेगळे जनरेशन मीटर सांगते.

काकूंचे दोन महिन्यांचे आकडे असे होते: निर्मिती ७८०, एक्सपोर्ट ४३०, इम्पोर्ट ४८०. निर्मितीतून एक्सपोर्ट वजा केला की ३५० युनिट घरात थेट वापरली गेली. त्यात इम्पोर्टची ४८० मिळवली की घराचा खरा वापर ८३० युनिट. बिल मात्र इम्पोर्ट वजा एक्सपोर्ट, म्हणजे ५० युनिटचेच.

दुसरी पायरी: रीडिंग स्वतः पडताळा

बिलावर मागचे आणि चालू रीडिंग इम्पोर्ट व एक्सपोर्टसाठी वेगवेगळे छापलेले असते. मीटरचा पडदा आपोआप बदलत राहतो. बऱ्याच मीटरवर `1.8.0` या खुणेसमोर इम्पोर्ट आणि `2.8.0` समोर एक्सपोर्ट येतो. रीडिंग घेतले त्याच दिवशी दोन्हींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

सर्वांत जास्त गोंधळ मीटर बदलल्यानंतरच्या पहिल्या बिलात होतो. त्यात जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग आणि नव्या मीटरचे सुरुवातीचे, असे दोन तुकडे जोडलेले असतात. कधी एक्सपोर्टच्या रकान्यात शून्य येते, कधी इम्पोर्ट-एक्सपोर्टची अदलाबदल होते. ओळखायचे कसे? ॲपवरच्या निर्मितीपेक्षा एक्सपोर्ट जास्त दिसला तर कुठेतरी आकडा नक्की चुकलाय, कारण पॅनेलने बनवली त्याहून जास्त वीज बाहेर जाऊच शकत नाही. फोटो आणि बिल घेऊन वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात (आपण अजून सवयीने जीईबीच म्हणतो) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

निव्वळ युनिट शून्य असले तरी बिल शून्य येत नाही, स्थिर आकार लागतोच. त्यात काही चुकलेले नाही.

तिसरी पायरी: उरलेल्या युनिटचा दर पाहा

कोटेशनच्या निर्णयाला सर्वांत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. इम्पोर्टमधून वजा होणारे प्रत्येक युनिट तुमच्या पूर्ण दराने वाचते. पण एका बिलाच्या काळात एक्सपोर्ट इम्पोर्टपेक्षा जास्त झाला, तर ती जादा युनिट पुढच्या बिलात युनिट म्हणून जात नाहीत, त्यांचे पैसे जमा होतात. सूर्य गुजरात योजनेत घरगुती ग्राहकांसाठी हा दर युनिटला २.२५ रुपये ठरला होता. तुमच्या करारात कोणता लिहिलाय तो तपासा.

हिवाळ्यात काकूंचा एसी बंद असतो. इम्पोर्ट ३०० आणि एक्सपोर्ट ४७० झाला, तर जादा १७० युनिटचे ३८२ रुपये ५० पैसे जमा होतील. तीच १७० युनिट स्वतःच्या वापरातून वाचली असती, तर सात रुपयांच्या आसपासच्या दराने सुमारे १,१९० रुपये वाचले असते. तुमचा दर काढायचा तर जुन्या बिलातला वीज आकार, इंधन अधिभार आणि वीज शुल्क यांची बेरीज करून तिला युनिटने भागा.

चौथी पायरी: आता कोटेशन

आधी वर्षभराची सहा बिले जमवा आणि वापराची बेरीज करा. आपल्याकडे एक किलोवॉटमागे दिवसाला साधारण चार युनिट धरतात. ५४० वॉटची सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॉट, वर्षाला अंदाजे ४,७०० युनिट. काकूंचा वर्षाचा वापर ४,२०० च्या आसपास, म्हणजे एवढे पुरते.

विक्रेता म्हणतो, "अजून चार पॅनेल टाकू, जागा आहेच." त्या चार पॅनेलची वर्षाची सुमारे ३,१५० युनिट जवळजवळ सगळी जादा ठरतील. २.२५ ने त्यांचे सात हजार रुपये होतात, आणि त्यासाठी लाखाच्या आसपास खर्च. वापर वाढणार असेल, घरात इलेक्ट्रिक गाडी येणार असेल तर वेगळे. नाहीतर नको म्हणा.

त्यात अनुदानही वाढत नाही. पीएम सूर्य घर योजनेत दोन किलोवॉटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात. क्षमता मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतला लहान आकडा धरतात, त्यामुळे ३.२४ किलोवॉटच्या पॅनेलखाली कोटेशनमध्ये २.५ चा इन्व्हर्टर लिहिला असेल तर अनुदान अडीचचेच. पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतीय सेलची, असल्याचे लेखी हवे. ते नसेल तर अनुदान नाही.

किमतीची ओळ अशी वाचा. समजा मूळ किंमत १,६५,००० आहे. सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावर ५ टक्के जीएसटी आहे. पुरवठा आणि बसवणी एकत्र असेल तर ७० टक्के रकमेवर ५ आणि ३० टक्क्यांवर १८, मिळून ८.९ टक्के. म्हणजे १४,६८५ रुपये कर आणि एकूण १,७९,६८५. पुष्कळ कोटेशनमध्ये ठळक अक्षरांत १,०१,६८५ छापतात, कारण अनुदान आधीच वजा केलेले असते. अनुदान नंतर तुमच्या बँक खात्यात येते, तोवर पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. कर्ज घेणार असाल तर हा आकडा धरा.

राहिलेल्या गोष्टींत स्ट्रक्चर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उत्तरायणाला सगळे घर छतावर असते, म्हणून लोक उंच स्ट्रक्चर मागतात. मग पायाचे काँक्रीट, पाइपची जाडी आणि गॅल्व्हनायझिंग कोटेशनमध्ये लिहून घ्या, नुसते "स्टँडर्ड स्ट्रक्चर" चालवून घेऊ नका. जुन्या वाड्यात मीटर तळमजल्यावर आणि पॅनेल तिसऱ्या मजल्याच्या वर असते. तिथे केबल किती मीटरपर्यंत किमतीत धरली आणि पुढे मीटरला किती, हेही विचारा. एसीसाठी, डीसीसाठी आणि वीज पडण्यापासून संरक्षणासाठी, असे तीन वेगळे अर्थिंग हवेत.

शेवटी सावली. शेजारच्या टाकीची सावली हिवाळ्यात सकाळी दहाला आणि दुपारी तीनला कुठवर येते ते पाहूनच पॅनेलची जागा ठरवायला सांगा, आणि वर्षाला किती युनिटचा अंदाज दिलाय तो आकडा कोटेशनवर सहीनिशी लिहून घ्या. पहिले वर्ष संपल्यावर इन्व्हर्टरवरचा एकूण आकडा त्याच्याशी ताडून बघता येतो.