कोड्यांच्या साप्ताहिक स्पर्धेची सूचना लावताय? या चुका टाळा

रीझनिंग क्लबची सूचना फलकावर लागली की दोन दिवसांत शिक्षकांच्या खोलीबाहेर तक्रारींची रांग लागते. मुलं कटकटी असतात म्हणून नव्हे, सूचनेतच फट असते म्हणून.

सगळ्यात जास्त भांडणं नमुन्याच्या कोड्यावरून होतात. उदाहरणार्थ: ‘आर्या, भूषण आणि चिन्मय एका बाकावर बसलेत. आर्या भूषणच्या डावीकडे आहे. चिन्मय मध्ये नाही. मध्ये कोण?’ तिघांना बसवायच्या सहा तऱ्हा. पहिल्या अटीनंतर तीन उरतात, दुसरीनंतर दोन: आर्या-भूषण-चिन्मय आणि चिन्मय-आर्या-भूषण. म्हणजे मध्ये भूषणही चालतो आणि आर्याही. ‘चिन्मय उजव्या टोकाला नाही’ ही अट जोडली की आर्या हे एकच उत्तर उरतं. डावीकडे म्हणजे बसलेल्याच्या की बघणाऱ्याच्या, तेही लिहा. कोडं लावण्याआधी सगळ्या शक्यता कागदावर मांडून पाहायला पाच मिनिटं लागतात. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं म्हणून ती पाच मिनिटं कुणी देत नाही.

दुसरी चूक गुणांची. चार पर्याय, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, ही पद्धत मुलं प्रवेश परीक्षांमुळे ओळखतात, म्हणून क्लबही तीच उचलतो. पण दहा प्रश्न न वाचता खुणा केल्या तरी सरासरी अडीच बरोबर येतात. त्याचे १० गुण, साडेसात चुकांचे साडेसात वजा, हाती अडीच. कोरा कागद देणाऱ्या प्रामाणिक मुलाला मात्र शून्य. बरोबरला ३ आणि चुकीला १ वजा केलं की आंधळ्या अंदाजाची सरासरी शून्यावर येते. एक पर्याय विचार करून खोडणाऱ्याला थोडा फायदा तरीही होतो, आणि तो व्हायलाच हवा. आठवड्याला एकच कोडं असेल तर पर्याय देऊच नका: उत्तराला २ गुण, कारणाला ३. कारणाचे गुण कशासाठी, हेही सूचनेत एका ओळीत सांगा, नाहीतर ‘उत्तर बरोबर आहे ना सर?’ ऐकत बसाल.

मुंबईत बऱ्याच शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सोमवारी सकाळी कोडं लावलं तर दुपारच्या मुलांना गेटवरच उत्तर कळतं. त्यातून ‘पहिल्या पाच उत्तरांना जादा गुण’ ठेवलं असेल तर दुपारची मुलं त्या शर्यतीत नसतातच. वेगाचे गुण काढून टाका. कोडं शनिवारी ठेवलं तरी उत्तर फुटणारच, म्हणून दोन्ही अधिवेशनांना वेगळ्या आकड्यांचं, पण त्याच धाटणीचं कोडं द्या.

मुदत ‘शुक्रवारपर्यंत’ एवढीच लिहू नका. ‘शुक्रवारी आपलं अधिवेशन सुटेपर्यंत, पेटीत, पावसामुळे सुट्टी जाहीर झाल्यास शाळा भरेल त्या दिवशी’ असं लिहा. महिन्याअखेर बेरीज सारखी आली तर ज्याचे कारणांचे गुण जास्त तो पुढे. तेही सारखे असतील तर क्रमांक विभागून द्या, चिठ्ठ्या टाकू नका.