शब्दशोध रंगतो, पण व्याकरण निसटते: नाम, क्रियापद, विशेषण शिकवताना या चुका टाळा

चौथीच्या वर्गात ‘शोधा आणि लिहा’ असा खेळ घेतला की मुले हौसेने कागद-पेन्सिल घेऊन फिरतात, तासिका संपेपर्यंत तक्ता भरतो आणि फळ्यावर भरपूर शब्द जमतात. दुसऱ्या दिवशी एक साधे वाक्य देऊन ‘यातले क्रियापद ओळखा’ असे विचारले, तर मात्र निम्मा वर्ग गप्प बसतो. असे होते तेव्हा दोष बहुधा मुलांचा नसून खेळाच्या आखणीचा असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सुटे शब्द शोधायला लावणे. शब्दांच्या चिठ्ठ्या वर्गात लपवायच्या आणि मुलांनी त्या नाम, क्रियापद, विशेषण असे लिहिलेल्या तीन डब्यांत टाकायच्या, ही पद्धत सोपी वाटते. परंतु मराठीत अनेक शब्दांची जात वाक्यात गेल्यावरच ठरते. ‘खेळ’ या चिठ्ठीचे काय करायचे? ‘हा खेळ मला आवडतो’ यात ते नाम आहे आणि ‘तू अंगणात खेळ’ यात क्रियापद. ‘गोड’ हा शब्द ‘गोड आंबा’ मध्ये विशेषण असतो, पण ‘जास्त गोड खाऊ नकोस’ असे आई म्हणते तेव्हा तोच नामाचे काम करतो. ज्या मुलाने चिठ्ठी ‘चुकीच्या’ डब्यात टाकली, त्याच्या मनात कदाचित दुसरेच वाक्य असेल. म्हणून चिठ्ठीवर शब्द न लिहिता छोटे वाक्य लिहावे, त्यातील एक शब्द अधोरेखित करावा आणि ती चिठ्ठी त्या वाक्याशी संबंधित जागीच चिकटवावी: खिडकीवर ‘खिडकीतून थंड वारा येतो’, दप्तरांच्या रांगेजवळ ‘हे दप्तर जड आहे’.

दुसरी अडचण क्रियापदांची. वर्गात हिंडून वस्तू सापडतात, क्रिया हाती लागत नाहीत. त्यामुळे नामांचा रकाना भरून वाहतो आणि क्रियापदाच्या रकान्यात ‘लिहिणे, पुसणे, उडी, अभ्यास, धावपळ’ अशी यादी येते. यातले एकही वाक्य पूर्ण करणारे क्रियापद नाही. ‘उडी’, ‘अभ्यास’ आणि ‘धावपळ’ ही नामे आहेत. ‘पुसणे’ हे रूप शब्दकोशात क्रियापदाची नोंद म्हणून दिसत असले, तरी वाक्यात ‘त्याचे पुसणे संपेना’ असे नामासारखे वागते. मुले असे का लिहितात याचे कारण व्याख्येत आहे. ‘क्रिया दाखवून वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा शब्द’ या व्याख्येचा पहिला अर्धा भाग त्यांच्या लक्षात राहतो आणि दुसरा, म्हणजे खरा महत्त्वाचा, गळून जातो. त्यामुळेच ‘आहे’ हे क्रियापद असल्याचेही त्यांना पटत नाही, कारण त्यात कोणी काही ‘करत’ नाही.

यावर उपाय असा की क्रियापदांच्या फेरीत वस्तूंऐवजी घडणाऱ्या गोष्टी ठेवाव्यात. एक मुलगी फळा पुसत राहील, एक मुलगा दप्तर भरत राहील, एक जण वहीचे पान उलटत राहील. बाकीचे गट या ठिकाणांवरून फिरतील आणि प्रत्येक ठिकाणी पूर्ण वाक्य लिहितील. वर फिरणारा पंखा आणि खिडकीतून आत आलेले ऊन हीही ठिकाणे धरता येतात. वाक्य लिहून झाल्यावर मुलांनी शेवटचा शब्द हाताने झाकून वाचावे. ‘ती फळा…’ एवढेच ऐकल्यावर पुढे काय, असा प्रश्न आपोआप येतो.

पडताळणीसाठी वाक्यात ‘उद्या’ घालून कोणता शब्द बदलतो ते पाहावे. ‘मुले खेळ खेळतात’ याचे ‘मुले उद्या खेळ खेळतील’ होते. ‘खेळ’ जागच्या जागी राहतो आणि ‘खेळतात’ बदलते. इथे बरेच शिक्षक सवयीने ‘काल’ वापरतात आणि स्वतःच गोंधळ ओढवून घेतात, कारण ‘मुलांनी काल खेळ खेळला’ असे झाले की ‘मुले’ या शब्दाचेही रूप बदलते आणि एखादे चुणचुणीत मूल ‘मुलांनी’ खाली रेघ मारून मोकळे होते. चौथीपुरता ‘उद्या’च बरा.

विशेषणांच्या बाबतीत चूक वेगळी असते. ‘वर्गातील दहा विशेषणे शोधा’ म्हटले की ‘सुंदर फळा, छान खुर्ची, चांगली वही’ असे उत्तर येते. व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण मुलांनी काही पाहिलेले नसते; जवळ असलेले दोन-तीन शब्द सगळ्या वस्तूंना चिकटवलेले असतात. त्याऐवजी टेबलावर सारख्याच वस्तूंच्या जोड्या ठेवाव्यात: दोन पाण्याच्या बाटल्या, दोन पेन्सिली, दोन डबे. प्रत्येक गटाने जोडीतील एकच वस्तू मनात धरावी, तिचे नाव, जागा किंवा मालक न सांगता वर्णन करावे आणि दुसऱ्या गटाने ती ओळखावी. ‘छान बाटली’ म्हटल्यावर समोरचा गट ओळखूच शकत नाही, तेव्हा ‘अर्धी’, ‘निळी’, ‘चेपलेली’, ‘उंच’ असे शब्द बाहेर येऊ लागतात.

इथेच ‘मोठा डबा, मोठी पिशवी, मोठे दप्तर’ अशी नाम बदलून पाहण्याची युक्ती शिकवावी. मात्र ती सर्वत्र चालत नाही, कारण ‘लाल’, ‘जड’, ‘उंच’ ही विशेषणे लिंगानुसार बदलत नाहीत. त्यांच्यासाठी नामाला ‘कसा, कशी, कसे, किती’ हा प्रश्न विचारावा. प्रश्न नामालाच विचारायचा, हे ठासून सांगावे. नाहीतर ‘पतंग उंच उडाला’ मधील ‘उंच’ विशेषणांत जमा होतो. तो उडण्याबद्दल सांगतो, पतंगाबद्दल नाही. क्रियाविशेषण हे नाव या वर्गात काढण्याची गरज नाही. तक्त्यात ‘नंतर पाहू’ असा चौथा रकाना ठेवला की असे शब्द तिथे सुखाने राहतात.

नामांचा रकाना सर्वांत सोपा समजून सोडून दिला जातो, तरी दोन गोष्टी पाहाव्यात. ‘वर्गात आहे, पण हातात धरता येत नाही’ असे काहीतरी शोधायला सांगितल्याशिवाय ‘आवाज, सावली, शांतता, भीती’ ही नामे येतच नाहीत. शिवाय ‘फळ्यावर’, ‘मुलांनी’ अशा रूपांत दडलेली नामे मुलांना दिसत नाहीत. ‘फळ्यावर’ सापडल्यावर शेजारी ‘फळा’ लिहायला लावावे.

तपासताना शब्द मोजून गुण देऊ नयेत, कारण मग वेगवान गट जिंकतो आणि गटातील एकच मूल लिहीत राहते. चार मुलांच्या गटात ठिकाण बदलेल तशी पेन्सिल पुढच्याच्या हाती द्यावी, शोधायला दहा-बारा मिनिटे पुरतात, आणि उरलेली तासिका चर्चेसाठी राखावी. खरी परीक्षा एका वाक्याने होते. ‘मधल्या सुट्टीत राजूने उंच उडी मारली’ हे वाक्य द्यावे. ज्याने ‘उडी’ला क्रियापद म्हटले, त्याला ‘उद्या’ घालून पाहायला सांगावे: ‘राजू उद्या मधल्या सुट्टीत उंच उडी मारील’. इथे ‘राजूने’चे ‘राजू’ होते, म्हणून राजू हे नाव आहे, ते आधीच बाजूला काढावे. मग उरलेल्यांत ‘मारली’ बदलली आणि ‘उडी’ तशीच राहिली, हे मूल स्वतःच सांगते. ज्याने ‘उंच’ कोणत्या रकान्यात टाकायचा यावर शेजाऱ्याशी वाद घातला, त्याचे उत्तर चुकले तरी त्याला पुढच्या वेळी चिठ्ठ्या लिहिण्याचे काम द्यायला हरकत नाही.