गच्चीला हात न लावता स्लॅबला आतून इन्सुलेशन कसं करावं

स्लॅबचं इन्सुलेशन खरं तर वरून करावं, म्हणजे काँक्रीट तापतच नाही. पण गच्ची सामाईक असेल किंवा वर काही करायची परवानगी नसेल, तर उष्णता छताच्या खालच्या अंगाला अडवावी लागते. सहा इंची स्लॅबमधून ती खाली उतरायला चार-पाच तास लागतात. म्हणून ऊन कलल्यावरच डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटतं.

उदाहरणासाठी १२ बाय १० फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली घेऊ. साहित्य म्हणजे ५० मिलिमीटर जाडीच्या एक्सपीएस शीट. हा दाट, बंद छिद्रांचा फोम असतो, नेहमीचा पांढरा थर्माकोल नव्हे. ४ बाय २ फुटांच्या पंधरा शीट पुरतात, पण कापाकापी धरून सतरा घ्या. ढोबळ हिशेबाने छतातून येणारी उष्णता पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते.

आधी ओल तपासा

इथे घाई केली तर पुढचं सगळं काम वाया जातं. गच्ची गळत असेल तर शीट लावल्यावर गळती दिसणार नाही, आतली सळई मात्र गंजत राहील. छतावर डाग किंवा पोपडे आहेत का पाहा. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं आहे, तेवढा भाग काढून दुरुस्त करा. मग दोन फुटी प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने छताला चिकटवून दोन दिवस ठेवा. छताकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल स्लॅबमधून येते आहे. तसं असेल तर काम थांबवा. माझं मत विचाराल तर एक पूर्ण पावसाळा छत कोरडं राहिल्याचं पाहूनच सुरुवात करावी.

शीट लावणे

सुटा रंग खरवडून धूळ पुसून घ्या. चिकटवायला पॉलिस्टायरीनला चालणारा, सॉल्व्हंट नसलेला अ‍ॅडहेसिव्हच घ्या, कारण सॉल्व्हंटने फोम विरघळतो. कारागीर बहुतेकदा चार कोपऱ्यांत चार गोळे लावून शीट दाबतात. तसं करू देऊ नका. गोळ्यांमुळे शीट आणि स्लॅबमध्ये पोकळी राहते. थंडीच्या रात्री खोलीतली दमट हवा तिथे शिरून गार स्लॅबवर पाणी धरते आणि काही महिन्यांत काळी बुरशी दिसू लागते. दातेरी थापीने शीटच्या पूर्ण पाठीवर थर द्या. जोड विटांच्या रचनेसारखे आडवेतिडवे ठेवा, कडेच्या फटी पीयू फोमने भरा आणि सगळ्या जोडांवर अ‍ॅल्युमिनियम टेप लावा.

अ‍ॅडहेसिव्ह सुकल्यावर प्रत्येक शीटला चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे चकतीवाले प्लास्टिक फास्टनर ठोका. ड्रिल काँक्रीटमध्ये साधारण ४० मिलिमीटरच जाऊ द्या, त्यासाठी बिटवर टेपची खूण करा. त्याआधी कन्सील वायरिंग कुठून जाते ते डिटेक्टरने शोधून आखून घ्या आणि तिथे भोक पाडू नका.

जिप्सम बोर्ड हवाच

फोम उघडा ठेवणं म्हणजे आगीला निमंत्रण. पेटला तर तो वितळून गळतो आणि दाट विषारी धूर होतो. त्यामुळे खाली साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड लावायचाच. त्याचं वजन दर चौरस मीटरला आठ-नऊ किलो असतं, ते फोमवर टांगायचं नाही. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचे, चॅनेल दीड-दीड फुटावर घेऊन, फोममधून आरपार जाणाऱ्या लांब धातूच्या अँकरने थेट स्लॅबला कसा. बोर्ड त्या चॅनेलला स्क्रूने बसतो.

पंखा स्लॅबमधल्या हुकालाच राहील. फॅन बॉक्सभोवती शीट कापून जागा मोकळी सोडा. सगळं मिळून छत साडेतीन इंच खाली येतं, त्यामुळे डाउनरॉड बदलावा लागेल. पाती फरशीपासून सात फुटांच्या खाली येऊ नयेत. दिवे बाहेरून लावायचेच घ्या. फोममध्ये खोचलेला दिवा तापतो आणि एक्सपीएस ७५ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो.

फरक पडला का?

कामाआधी आणि नंतर, सारख्याच कडक उन्हाच्या दिवशी, संध्याकाळी सातच्या सुमाराला इन्फ्रारेड थर्मामीटरने छत मोजा. मधोमध आणि भिंतीलगत असे दोन्ही आकडे लिहून ठेवा. नंतर मधला भाग उतरला पण कडा तापलेल्याच राहिल्या, तर उष्णता बीममधून आणि भिंतींतून येते आहे. बीमच्या बाजूंना आणि तळाला २५ मिलिमीटरची शीट गुंडाळली, वर जिप्सम बोर्ड लावला की ती कमी होते. पश्चिमेच्या भिंतीतून येणारी झळ मात्र या कामाने थांबत नाही. स्लॅबही वर पूर्वीइतकाच, किंबहुना थोडा जास्त तापतो आणि प्रसरण पावतो. स्लॅब आणि भिंत जुळतात तिथे बारीक तडा असेल तर तो तसाच उघडझाप करत राहील, म्हणून जिप्समची कड भिंतीला पुट्टीने घट्ट न भरता लवचीक सीलंटने भरा.