फोनवर आवाज दबका जातोय? माइकच्या भोकातला कचरा असा काढा

समोरचा म्हणतो, "मडक्यात तोंड घालून बोलतोयस का?" आणि तुम्हाला मात्र त्याचं सगळं स्वच्छ ऐकू येतं. असं झालं की बरेच जण नेटवर्कला दोष देतात. गोव्यात, त्यातही जून ते सप्टेंबरमध्ये, आधी चार्जिंग पोर्टच्या शेजारचं बारीक भोक बघावं.

त्या भोकाच्या मागे छोटी पोकळी, तिच्यात बारीक विणीची जाळी आणि त्यामागे खरा माइक असतो. माइकची डबी तीन-चार मिलिमीटर लांब असते. तिच्यातला सिलिकॉनचा पडदा साधारण एक मिलिमीटर रुंद आणि जाडीला केसापेक्षा कितीतरी कमी. पडद्यासमोर काही मायक्रॉन अंतरावर भोकं पाडलेली स्थिर पट्टी असते आणि दोघांत विद्युतभार असतो. आवाजाने हवा हलली की पडदा हलतो, अंतर बदलतं, आणि त्या बदलातून विजेचा संकेत तयार होतो.

खिशातला कापसासारखा कचरा पडद्यापर्यंत सहसा पोचत नाही. तो जाळीवर दाबून बसतो. हवेला त्यातून ये-जा करायला अडचण होते आणि ही अडचण जलद कंपनांना जास्त बाधते. 'आ', 'ओ' असे स्वर बऱ्यापैकी पार होतात, पण 'स', 'श', 'च' यांतली तीक्ष्णता, जी मुख्यतः 2,500 हर्ट्झच्या वर असते, ती मागे राहते. शब्द वेगळे ओळखू येतात ते याच व्यंजनांमुळे. म्हणून आवाज मोठा असूनही बोलणं कळत नाही.

दुसरा घोटाळा गोंगाट कमी करणाऱ्या यंत्रणेचा. फोनला वरच्या बाजूला, कधी कॅमेऱ्यापाशीही, आणखी माइक असतात. तोंडाजवळच्या खालच्या माइकमध्ये आवाज मोठा यावा असं फोन गृहीत धरतो. खालचा माइक बुजला की दोन्हींतला फरक मिटतो आणि तुमचंच बोलणं फोन गोंगाट समजून कापतो. शब्द मध्येच गळायला लागले तर हे लक्षण ओळखावं.

डिचोली-साखळी भागात स्कूटरवरून फिरणाऱ्याचा, पँटच्या खिशात राहणारा फोन घेऊ. कपड्याचे तंतू, तांबडी माती आणि घाम मिळून जाळीवर चिकट थर बसतो. पावसाळी दमटपणात तो वाळतच नाही.

आधी तपासणी. कॉलवर करू नका, कारण साध्या जुन्या कॉलमध्ये 3,400 हर्ट्झच्या वरचं मुळातच कापलं जातं. फोनमधला रेकॉर्डर उघडून फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि म्हणा, "सशाने शंभर शेंगा शोधल्या." मग "मामाने आंबा आणला." दुसरं वाक्य ठीक आणि पहिलं बोथट वाटलं तर भोक बुजलेलं असण्याची शक्यता मोठी. आता मागच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढून तेच बोला. बऱ्याच फोनमध्ये तिथे वेगळा माइक वापरला जातो. व्हिडिओत आवाज स्वच्छ आला तर दोष खालच्या माइकपाशीच.

कव्हर काढून पुन्हा रेकॉर्ड करा. कव्हरचं भोक थोडं सरकलेलं असलं तरी हाच त्रास होतो, आणि मग फोनला हात लावायची गरजच नाही.

साफ करायचं तर फोन बंद करा, भोक जमिनीकडे करून धरा, म्हणजे सुटलेला कचरा आत न जाता खाली पडेल. मऊ, कोरडा, नवा टूथब्रश घेऊन भोकावरून आडवा, हलक्या हाताने दहा-पंधरा वेळा फिरवा. ब्रश आत खुपसायचा नाही. टॉर्चच्या उजेडात बघा: तंतू डोकावत असतील तर सेलोटेपचा चिकट भाग भोकावर ठेवून बोटाने हलका दाबा आणि उचला. तीन-चारदा टेप बदला. मग तेच वाक्य परत रेकॉर्ड करा.

टाचणी किंवा सिम काढायची पिन कधीच घालू नका. जाळी फाटते आणि पुढचा कचरा थेट माइकपर्यंत जातो. हवेचा फवारा मारला तर तो नाजूक पडदाच फुटू शकतो. तोंडाने फुंकलं की ओलावा आत जातो. स्पिरिट, सॅनिटायझरही नको, कारण विरघळलेली घाण जाळीतून आत झिरपते.

पावसात भिजल्यावर आवाज एकदम गेला असेल तर जाळीवर पाण्याचा पातळ पडदा धरलेला असतो. फोन पुसून, भोक खाली करून पंख्याखाली काही तास ठेवा. हेअर ड्रायर लावू नका आणि तांदळाच्या डब्यातही पुरू नका. तांदळाची पूड भोकात जाते.

एवढं करूनही 'स' बोथटच राहिला तर थर जाळीत मुरलेला आहे किंवा माइक गेलेला आहे. बऱ्याच फोनमध्ये हा माइक खालच्या चार्जिंग बोर्डावरच असतो, त्यामुळे दुकानात तो बोर्डच बदलतात. बदलताना माइकभोवतीचं रबर नीट बसवायला सांगा. ते तिरकं बसलं तर फोनच्या आतूनच स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि समोरच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. म्हणून काउंटरवरच एक कॉल स्पीकरवर लावून समोरच्याला विचारून घ्या आणि मगच पैसे द्या.